ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, तरी खातं गेलं

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. सरवटे बस स्टँडवर देवासच्या बसची वाट बघत होते. फोनवर धाकट्या बहिणीला सांगत होते, "तासाभरात पोचते गं, पोळ्या तू करू नकोस." फोन ठेवला तोच विशी-बाविशीचा एक मुलगा जवळ आला. "काकू, तुम्ही मराठी ना? माझ्या फोनची बॅटरी संपलीये. आई उज्जैनहून येतेय, तिला एकच फोन करू द्या ना."

इंदूरच्या स्टँडवर कुणी अचानक मराठी बोललं की आपण विरघळतो. मी लॉक उघडून फोन हातात दिला. "लागत नाहीये," म्हणाला, पुन्हा लावला, दोन पावलं लांब जाऊन "हो आई, स्टँडवरच आहे" असं बोलला आणि नमस्कार करून गेला. सगळं मिळून दीड मिनिट.

बस सुटल्यावर मेसेज आला, व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड. मी मागवला नव्हता. कुणीतरी नंबर चुकीचा टाकला असेल म्हणून सोडून दिलं. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे पाठ आहे, आणि मी तो कुणालाच सांगितला नाही. थोड्या वेळाने व्हॉट्सॲप आपोआप बंद झालं. नेट गेलं असेल असं वाटलं.

देवासला दार उघडताच बहीण ओरडली, "अगं ताई, तू दवाखान्यात होतीस ना?"

घरच्या ग्रुपवर 'माझा' निरोप गेला होता: बसमधून उतरताना पडले, दवाखान्यात पैसे भरायचेत, या नंबरवर बारा हजार टाका. बहीण भोळी नाही. खात्री करायला तिने आधी मला फोन लावला होता. उचलला एका पुरुषाने. "ताईंना एक्स-रेला नेलंय, मी सोबत आहे." मग तिने पैसे टाकले. माझा फोन मात्र पर्समध्ये एकदाही वाजला नव्हता.

भाच्याने माझी कॉलची यादी उघडली. 'आई'च्या नंबरच्या खाली एक विचित्र नोंद होती: `*401*` आणि पुढे दहा आकडे. काही कंपन्यांच्या सिमवर हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे, काहींवर तोच `**21*` ने सुरू होतो. तो लावला की तुम्हाला येणारा प्रत्येक कॉल त्या दहा आकडी नंबरवर वळतो. "लागत नाहीये" म्हणाला तो हाच कॉल. नंतरचा 'आई'चा कॉल मला दाखवायला.

फॉरवर्डिंगने मेसेज वळत नाहीत, फक्त कॉल वळतात. म्हणून कोड माझ्याकडेच आला. पण मेसेज मिळाला नाही तर व्हॉट्सॲप कोड फोन करूनही सांगतं. चोराने थांबून तो पर्याय निवडला, कॉल त्याच्याकडे गेला आणि कोड त्याने ऐकला. जुन्या गप्पा त्याला दिसल्या नाहीत, पण ग्रुप दिसले, तेवढे पुरले. माझ्या बँकेतून काही गेलं नाही, कारण यूपीआय नव्या फोनवर सुरू करायला माझ्या सिमवरून मेसेज जावा लागतो.

आधी फॉरवर्डिंग काढणं भाग होतं, नाहीतर कोड पुन्हा त्याच्याच कानात. बहुतेक सिमवर `##002#` चालतं, माझ्यावर चाललं नाही. कंपनीला बहिणीच्या फोनवरून विचारून ते बंद केलं. मग व्हॉट्सॲपवर नंबर पुन्हा टाकला, मेसेजने आलेला कोड भरला आणि चोर बाहेर फेकला गेला. तरी आत मलाही जाता येईना, कारण त्याने टू-स्टेप पिन, म्हणजे कोडनंतर विचारला जाणारा स्वतः ठरवलेला आकडा, लावून ठेवला होता. पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. हा पिन मी आधीच लावला असता तर सात दिवस त्याला थांबावं लागलं असतं! बहिणीने लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार केली. बारापैकी चार हजार अडवले गेले, बाकीचे गेले ते गेले.

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून फॉरवर्डिंग लावण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. म्हणून निर्धास्त होऊ नका. कॉलच्या सेटिंगमध्येही फॉरवर्डिंग असतं, आणि उघडा फोन हातात आला की तिथे पोचायला कितीसा वेळ लागतो? न मागवलेला कोड आला, आणि त्याआधी फोन कुणाच्या हातात दिला असेल, तर तिथेच ते सेटिंग उघडून बघा. दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल लावा. आपला फोन वाजला नाही की समजा.

मागच्या महिन्यात राजवाड्यापाशी एका मुलीने फोन मागितला. मी म्हटलं, नंबर सांग. मीच लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन हातातच धरून ठेवला. पलीकडून तिचे वडील बोलले, खंडव्याहून. बोलणं होईपर्यंत ती अवघडून माझ्या हाताकडे वाकून उभी होती.