व्हीआर-रेडी डेस्कटॉप, आठ महिन्यांनंतर: कार्ड बरं होतं, घोळ वाटेत होता

बिलावर 'व्हीआर-रेडी गेमिंग पीसी' असं ठसठशीत छापलेलं होतं. रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ४०६० आणि ५५० वॉटचा एसएमपीएस. हेडसेट मेटा क्वेस्ट ३, तो आतेभावाने अमेरिकेतून येताना आणला. राहतो नाशिकला, वन बीएचकेमध्ये, म्हणजे 'व्हीआर रूम' वगैरे काही नाही. सोफा भिंतीला सरकवला की हॉलमध्ये जेवढी जागा उरते तेवढीच.

पहिले तीन महिने मी रोज ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत होतो. ४०६० घेऊन चुकलो, वरचं घ्यायला हवं होतं, असं बायकोला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ती म्हणाली, "मग बदल ना एकदाचं!" बदललं नाही, हे नशीब. कारण त्रासातला बराचसा भाग कार्डाचा नव्हताच.

दुकानदाराने मला कार्डावरचे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट मोजून दाखवले होते. व्हॉल्व्ह इंडेक्ससारख्या हेडसेटला ते लागतात. त्याची एक वायर डिस्प्लेपोर्टला जाते आणि एक यूएसबीला. क्वेस्ट ३ ला मात्र त्या पोर्टांशी काही देणंघेणं नाही. त्याची केबल थेट यूएसबीत जाते. आता गणित बघा. एका डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल, दोन डोळ्यांचे मिळून ९१ लाख. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला ९० चित्रं धरली तर जवळजवळ २० गिगाबिट होतात. ५ गिगाबिटच्या यूएसबीतून ते जाणं शक्यच नाही. म्हणून कार्ड आधी चित्र काढतं, मग त्याचा व्हिडिओ करून दाबतं, तो केबलमधून किंवा वायफायवरून जातो आणि हेडसेट तो उलगडून दाखवतो. थोडक्यात, यूट्यूब बघतो तसलाच प्रकार, फक्त डोकं वळवल्यावर काही सहस्रांश सेकंदांत चित्र बदललं पाहिजे. या वाटेवर कुठेही अडलं तरी डोळ्यांना सगळं सारखंच 'अडकतंय' असं वाटतं. माझी फसगत इथेच झाली.

केबलपासून सांगतो. मी ऑनलाइन पाच मीटरची स्वस्तातली टाइप-सी केबल घेतली आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये खुपसली. चाललं! म्हणूनच शंका आली नाही. पण चित्र धुरकट, अंधाऱ्या प्रसंगात चौकोन चौकोन दिसायचे आणि वीसेक मिनिटांनी हेडसेट मला गेममधून उचलून परत त्याच्या घरच्या खोलीत आणून सोडायचा. मेटाच्या पीसीवरच्या लिंक अॅपमध्ये हेडसेटच्या नावावर क्लिक केलं की USB Test मिळते. ती तीन महिन्यांनी एकदाची करून बघितली, तर जेमतेम ३०० मेगाबिटचा आकडा आला. म्हणजे केबल यूएसबी २ ची निघाली. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या बऱ्याच केबल चार्जिंगसाठीच असतात. यूएसबी ३ ला लागणाऱ्या जास्तीच्या तारा त्यांत घातलेल्याच नसतात. बाहेरून बघून काहीच कळत नाही.

तीन मीटरची, पाकिटावर ५ जीबीपीएस लिहिलेली केबल आणली आणि ती मागच्या निळ्या पोर्टला लावली. त्याच टेस्टमध्ये अडीच गिगाबिटच्या आसपास आलं. तीच केबल पुढच्या पोर्टला लावून पाहिली, तर आकडा चांगला पण दर पंधरा-वीस मिनिटांनी संपर्क तुटे. पुढचे पोर्ट मदरबोर्डापर्यंत आतल्या आत वेगळ्या वायरने जातात. ती वायर आणि तिची जोडणी सुमार असेल, तर लांब केबलचा सिग्नल तिथे कसाबसा तग धरतो. मागचे पोर्ट थेट बोर्डावरच बसवलेले असतात. उरलेलं तुटणं विंडोजच्या एका सवयीमुळे होतं. वीज वाचवायला ते यूएसबीला मध्येच झोपवतं. Power Options मध्ये खोल आत USB selective suspend setting आहे, ते Disabled केलं आणि तेव्हापासून सलग दोन तासांचं सत्र एकदाही तुटलेलं नाही.

तीन मीटरच्या पुढे जायचं असेल तर साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा धरू नका. त्यापुढे सिग्नल वाढवणाऱ्या किंवा ऑप्टिकल फायबरच्या केबल लागतात आणि त्या महाग असतात.

बॅटरीचंही सांगतो, कारण मला वाटलं होतं केबल लावली म्हणजे चार्जिंग होतच राहणार. निळा यूएसबी-ए पोर्ट ५ व्होल्टला ०.९ अँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॉट. हेडसेट त्याहून बरंच जास्त खातो. त्यामुळे केबल लावूनही बॅटरी उतरते, फक्त सावकाश. दोन तासांचं खेळणं तीन तासांवर जातं एवढंच. मधे चार्जर जोडायची सोय असलेली केबलही मिळते. मी ती घेतली नाही, कारण तीन तास डोक्यावर ते वजन घेऊन बसायची माझी मानच तयार नाही.

चौथ्या महिन्यात वायफायचा नाद लागला. पायात वायर नाही याचं सुख वेगळंच आहे, हे कबूल. पण इंटरनेटवाल्यांनी फुकट दिलेल्या राउटरवर चित्र हमखास थबकायचं. डोकं झटकन वळवलं की नजरेच्या कडेला काळी पट्टी दिसायची. ही काळी कड ओळखीची खूण आहे. नवं चित्र वेळेत पोचलं नाही की हेडसेट जुनंच चित्र वळवून दाखवतो आणि कडेला दाखवायला त्याच्याकडे काही उरत नाही. पीसी राउटरला लॅन केबलने जोडला होता, मग अडचण काय? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये Ethernet उघडून Link speed बघितला, तर १००/१००. राउटरचे लॅन पोर्टच १०० मेगाबिटचे होते. मी १५० मेगाबिटचा व्हिडिओ त्या नळातून सोडायला बघत होतो. (लॅन केबलमधली एखादी तार तुटली असली तरी हाच आकडा दिसतो, तेव्हा आधी केबल बदलून बघा.)

मग गिगाबिट पोर्टांचा वायफाय ६ चा वेगळा राउटर घेतला आणि तो हॉलमध्येच टीव्हीशेजारी ठेवला, कारण ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे लगेच दमते. या बँडवर हेडसेटशिवाय दुसरं काही जोडू देत नाही. घरातले मोबाइल जुन्या राउटरवरच आहेत. आता केबल फक्त रेसिंगच्या खेळापुरती वापरतो, तिथे बसूनच खेळायचं असतं.

मग कार्डाला काहीच दोष नाही का? आहे, पण वेगळा. ९० हर्ट्झला एक चित्र तयार करायला ११.१ मिलिसेकंद मिळतात. मॉनिटरवर १२ लागले तर ८३ फ्रेम दिसतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. इथे १२ लागले की लिंक सरळ ४५ वर उतरतं आणि मधलं एक-एक चित्र अंदाजाने रचून घालतं. तेव्हा हलत्या हाताभोवतीची हवा पाण्यासारखी डुचमळते. गंमत म्हणजे अशा वेळी टास्क मॅनेजर कार्ड ६० टक्केच वापरात असल्याचं दाखवतो आणि आपण म्हणतो, कार्डात तर दम शिल्लक आहे! तो शिल्लक नसतो, अर्ध्या वेगावर आल्यामुळे तसा दिसतो. उपाय साधा आहे: हेडसेट ७२ हर्ट्झवर ठेवा. मग १३.९ मिलिसेकंद मिळतात आणि तेच १२ चं काम आरामात बसतं. मी आता बहुतेक खेळ ७२ वरच खेळतो. ९० आणि ७२ मधला फरक मला पहिली पाच मिनिटं जाणवतो, ४५ वरची डुचमळ मात्र शेवटपर्यंत.

आणखी एक मर्यादा म्हणजे कार्डाची ८ जीबी मेमरी. हाफ-लाइफ: अॅलिक्सला ती पुरते, त्या २०२० च्या खेळाची किमान अपेक्षाच जीटीएक्स १०६० ची आहे. पण मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मुंबईच्या विमानतळावर उतरताना विमान अक्षरशः हप्त्याहप्त्याने खाली येत होतं. टास्क मॅनेजरमध्ये Dedicated GPU memory काठोकाठ भरलेली आणि Shared GPU memory वाढत चाललेली. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल रॅममध्ये जातो आणि तिथून आणायला चित्रामागे भलताच वेळ लागतो. रिझोल्यूशन न घटवता फक्त टेक्सचर एक पायरी खाली आणलं, तर हप्ते थांबले. विमानं उडवायचीच असतील तर मी १२ किंवा १६ जीबीचंच कार्ड घ्या म्हणेन, जरी ते एक पिढी जुनं असलं तरी. एरवी ४०६० ला मी आता नावं ठेवत नाही. हे कार्ड व्हिडिओ एव्ही१ पद्धतीने दाबू शकतं आणि क्वेस्ट ३ तो उलगडू शकतो, त्यामुळे व्हर्च्युअल डेस्कटॉप या अॅपवर तेवढ्याच मेगाबिटमध्ये चित्र जास्त स्वच्छ येतं. त्याच अॅपची परफॉर्मन्स पट्टी गेम, एन्कोडिंग, नेटवर्क आणि डिकोडिंग यांचा उशीर वेगवेगळा दाखवते. ती मी पहिल्या दिवशी उघडली असती तर कार्डाला तीन महिने शिव्या घातल्या नसत्या.

राहिली जागा. उभं राहून, चालत खेळायला दोन मीटर बाय दोन मीटर मोकळं हवं. माझ्याकडे सोफा सरकवून साडेसहा फूट बाय सहा फूट निघतात, म्हणजे जरा कमीच, निभावून नेतो. पण हेडसेट जमिनीवरची हद्द आखून घेतो, छताचं त्याला काही पडलेलं नाही. आपल्याकडे प्रत्येक हॉलच्या मध्यभागी पंखा असतो! माझी उंची पाच फूट नऊ इंच. हात वर केला आणि त्यात कंट्रोलर असला की तो पात्यापर्यंत पोचतो. चेंडू झेलायला गेलो आणि पात्याचा फटका बसला. कंट्रोलरच्या कडेला अजून ओरखडा आहे, बोटं वाचली. तेव्हापासून छताचा पंखा बंद.

ट्रॅकिंग पूर्ण कॅमेऱ्यांवर चालतं, त्यामुळे घरातल्या उजेडाशी त्याचं नातं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबच्या लुकलुकीशी कॅमेरे जुळले नाहीत तर हात मधूनच थरथरतात. हेडसेटच्या सेटिंग्जमध्ये Tracking Frequency आहे, ती Auto वरून 50 Hz केली. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेऱ्यांना धरायला काही सापडत नाही, म्हणून तिथे भिंतीवरचं कॅलेंडर टांगलं आणि हद्द सारखी विसरणं कमी झालं. शोकेसच्या काचेवर खेळताना चादर टाकतो. कंट्रोलरमध्ये डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात आणि कॅमेरे तेच शोधतात, म्हणून दिवाळीत खिडकीला लावलेल्या माळेने आठवडाभर गोंधळ घातला होता. दुपारी बाल्कनीचा पडदा ओढतो, आणि काढलेला हेडसेट भिंगं वर करून उन्हात कधीच ठेवत नाही. भिंग ऊन एका जागी गोळा करतं; काही क्षणांच्या उन्हात आतल्या पडद्यावर कायमचा डाग पडतो.

पंखा बंद केल्यापासून कोपऱ्यात टेबल फॅन लावतो. तो घामासाठी आणला होता, पण त्याचा दुसराच उपयोग निघाला. गेममध्ये गरागरा फिरल्यावर आपण घरात कुठे तोंड करून उभे आहोत ते कळत नाही. आता वारा तोंडावर आला की समोर टीव्ही आहे हे समजतं आणि मी दोन पावलं मागे येतो.