किंमत घालायची की सहगुणक जुळवायचे?

जळगावला बारावीच्या पोरांना मी आंशिक अपूर्णांकांचं हे गणित दोन्ही रीतींनी करायला लावतो:

(3x²+x+2)/((x−1)²(x+1)) = A/(x−1) + B/(x−1)² + C/(x+1)

किंमत घालणं झटपट होतं. दोन्ही बाजूंना डावीकडच्या छेदाने गुणून x=1 घातलं की B=3, x=−1 घातलं की C=1. पण A तिथे सापडत नाही. x² चे सहगुणक जुळवले की A+C=3, म्हणून A=2. नुसतं जुळवत बसलं तर तीन समीकरणं सोडवावी लागतात, पण मांडणी चुकली तर ती आपसात भांडतात.

किंमत घालताना ते कळत नाही. A चं पद विसरलं तरी B=3, C=1 च येतं! पुन्हा एकत्र केल्यावर अंशात x²+x+4 दिसतं, तेव्हा चूक सापडते. म्हणून माझी पसंती आधी किंमत, मग जुळवणी, आणि इंटिग्रेशनला हात लावण्याआधी छेद एक करून पडताळा.