हॉस्टेलच्या स्वयंपाकाचं चॅनेल: ओळखीचं पहिलं वाक्य कोणतं घ्यावं?

चॅनेलचं नाव ठरलंय, खोलीतल्या इंडक्शन शेगडीवरच्या पिठलं-भाताचा पहिला व्हिडिओ चित्रित झालाय, आणि गाडी अडलीय ती ओळखीच्या व्हिडिओपाशी. सुरुवातीला बोलायचं काय? यूट्यूबच्या चॅनेलपानावर हा ट्रेलर सगळ्यात वर दिसतो तो सबस्क्राइब न केलेल्यांना. जुन्या प्रेक्षकांसाठी वेगळा व्हिडिओ लावता येतो. म्हणजे ऐकणारा तुम्हाला ओळखत नाही. सावकाश, स्वच्छ बोललं तर मराठीत सेकंदाला दोन-अडीच शब्द होतात, म्हणून दहा सेकंदांत वीस-पंचवीस शब्दच बसतात. खालच्या सुरुवाती त्या मापाने तोललेल्या आहेत.

पहिली सुरुवात सगळ्यांच्या तोंडात बसलेली: «नमस्कार मंडळी, आपल्या लाडक्या चॅनेलवर तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. आज आपण बघणार आहोत...» एवढ्यात निम्मे शब्द संपले आणि इंडक्शनचा पत्ताच नाही. जिथे प्रेक्षक माणसासाठी येतात, काकूंचा आवाज ऐकला की बरं वाटतं म्हणून येतात, तिथे हे स्वागत शोभतं. खोलीत भूक लागलेला मुलगा माणूस शोधत नसतो, आज रात्री काय होईल ते शोधत असतो. शिवाय पहिल्यांदाच आलेल्याला चॅनेल ‘लाडकं’ कधी झालं? नमस्कार जरूर म्हणा, पण एका शब्दात आवरा.

दुसरी सुरुवात प्रश्नाची: «मेसचं तेच तेच जेवून कंटाळा आलाय?» उत्तर ‘हो’ असतं, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि नेमकं त्यामुळेच पुढचं ऐकायची ओढ लागत नाही. हेच वाक्य उद्या डबेवाल्या मावशींच्या पत्रकावर छापलं तरी चालेल. ज्याला मेसच नाही, जो कॉट बेसिसवर राहतो आणि सकाळी पोहे, रात्री वडापाव यावर भागवतो, तो तर पहिल्याच वाक्यात बाहेर पडतो.

विनोदी सुरुवातही अनेकांच्या डोक्यात असते: «रेक्टरला कळायच्या आत जेवण तयार!» हशा मिळतो. पण बऱ्याच हॉस्टेलांत खोलीत इंडक्शन लावायला मनाई असते, आणि तुमची खोली, तुमचा चेहरा व्हिडिओत असतो. हे वाक्य सोडून द्या. परवानगी असलेल्या खोलीत किंवा भाड्याच्या फ्लॅटवर चित्रण करा आणि एकदा तसं सांगून टाका.

खरी निवड उरते ती पुढच्या दोनांत.

तिसरी सुरुवात प्रसंगाची: «रविवारची रात्र. मेस बंद. खोलीत एक इंडक्शन, एक पातेलं. चला, पिठलं-भात करू.» पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या बऱ्याच मेस रविवारी दुपारी गोडधोड वाढतात आणि रात्री बंद असतात. अभ्यासिकेतून परतताना उघडलेल्या हॉटेलचं बिल त्याला आठवतं. प्रश्न न विचारता त्याची अडचण बोलून झाली, आणि बारा-तेरा शब्दांत पदार्थाचं नावही आलं.

चौथी सुरुवात यादीची: «गॅस नाही, कुकर नाही, मिक्सर नाही, फ्रीज नाही. एक इंडक्शन आणि एक पातेलं. या चॅनेलवर फक्त यात होणारे पदार्थ.» ही कोरडी आहे, पण तिच्यात वचन आहे. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की तिसऱ्या व्हिडिओत अचानक ओव्हन निघणार नाही. तोटाही हाच: वचन पुढे मोडलं, तर खाली प्रतिक्रियांत पहिली ओळ तुम्हालाच ऐकवली जाते.

दोन्ही सुरुवाती आवडल्या तरी वाक्य पक्कं करण्याआधी त्याच पिठलं-भातावर घासून बघा. एक वाटी तांदूळ धुऊन दोन वाट्या पाण्यात लावले. उकळी येईपर्यंत बाराशे वॅट, मग आच कमी. स्वस्तातल्या बऱ्याच इंडक्शनमध्ये कमी आच सलग मिळत नाही. शेगडी थोडा वेळ पूर्ण ताकदीने चालते, मग थांबते, पुन्हा चालते. त्यामुळे भाताला दर थोड्या वेळाने फेस येऊन उतू जातो. झाकण तिरपं ठेवलं तर निभावतं. पाणी आटत आलं की शेगडी बंद करायची, झाकण घट्ट बसवायचं आणि पातेलं टॉवेलात, वरून पांघरुणात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचं. भात आपल्याच वाफेवर मुरतो आणि शेगडी पिठल्याला मोकळी होते. पिठल्याला मात्र भांडं कुठून आणायचं? एकमेव पातेलं पांघरुणात आहे. तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही सुरुवातींतलं ‘एक पातेलं’ इथेच खोटं पडलं. शेगडी एक, पण पातेली दोन लागतात, आणि तसंच म्हणायला हवं.

दुसरी अडचण फोडणीची. घरी फोडणीला छोटं कढलं घेतात. इंडक्शनला तेवढा तळ पुरत नाही; भांडं नाहीच असं समजून ती टिट्-टिट् करते आणि बंद पडते. गोल बुडाच्या कढईचंही तेच होतं. म्हणून दुसऱ्या पातेल्यातच एक मोठा चमचा तेल घालून फोडणी करायची, तीही आठशेच्या आसपास, कारण पातळ बुडाच्या पातेल्यात तेल क्षणात तापतं आणि मोहरी तडतडेपर्यंत हिंग-हळद जळते. अर्धी वाटी बेसन आधीच दीड वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवून ठेवलेलं असावं. कांदा परतला की ते ओतायचं आणि हलवत राहायचं. घट्ट व्हायला पाच-सात मिनिटं पुरतात.

हिशेब मांडला तर भात शेगडीवर वीस मिनिटं, तो मुरेपर्यंत पिठलं दहा, चिरणं भात शिजताना उरकतं. म्हणजे अर्धा तास. ‘दहा मिनिटांत’ म्हणायचा मोह होतो, पण पाणी तापायलाच किती वेळ लागतो ते बघा. एक लिटर पाणी खोलीतल्या तापमानावरून उकळायला बाराशे वॅटवर साधारण पाच मिनिटं लागतात, दोन हजारांवर तीन. आणि हॉस्टेलच्या टेबलाजवळचं छोटं सॉकेट सहसा सहा अँपिअरचं असतं, म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम 1380 वॅट. दोन हजारांची शेगडी मोठ्या, सोळा अँपिअरच्या पिनेची असते, आणि कन्व्हर्टर लावून ती छोट्या सॉकेटात खुपसली की सॉकेट तापतं, वास येतो, काळं पडतं. म्हणून सुरुवातीच्या वाक्यात वेळ सांगायचीच असेल, तर वॅटसोबत सांगा: «बाराशे वॅटवर, अर्ध्या तासात.» प्रेक्षकाला स्वतःची शेगडी आणि सॉकेट पडताळता येतं, आणि पंचविसाव्या मिनिटाला भात कच्चा म्हणून तो तुमच्यावर चिडत नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बरेच जण चौथ्या यादीत ‘एक स्टीलचं पातेलं’ म्हणतात. ऐकणारा घरून आणलेलं चकचकीत पातेलं ठेवतो आणि शेगडी चालूच होत नाही, कारण स्टीलच्या काही जातींना चुंबक चिकटत नाही आणि इंडक्शनला चुंबकाने ओढला जाणारा तळ लागतो. ॲल्युमिनियमचं साधं भांडंही चालत नाही. खाली खास तळ जोडलेला असेल तरच चालतं. तेव्हा यादीत धातूचं नाव नको, कसोटी हवी: «तळाला चुंबक चिकटणारी दोन पातेली.» चुंबक शोधायला लांब जावं लागत नाही. मोबाइलच्या उघडमिट कव्हरमध्ये असतं. ट्रेलरमध्ये हेच करून दाखवलं, तर पहिल्या दहा सेकंदांत प्रेक्षकाला कामाची एक गोष्ट मिळालेली असते, आणि पुढचे चाळीस सेकंद थांबायला कारणही.

तर मत असं: ट्रेलरला तिसऱ्याचा प्रसंग आणि चौथ्याची यादी जोडून घ्या. रोजच्या व्हिडिओत मात्र यादी नको, तिथे फक्त त्या दिवशीच्या पदार्थाचं एक वाक्य पुरे. एकत्र केलेली सुरुवात साधारण अशी बसते:

«रविवारची रात्र, मेस बंद. एक इंडक्शन बाराशे वॅटवर, चुंबक चिकटणारी दोन पातेली, एक सुरी. गॅस, कुकर, मिक्सर काही नाही. अर्ध्या तासात पिठलं-भात.»

बावीसेक शब्द आहेत, मापात बसतात. ‘तुम्ही’ की ‘तू’ या वादात ही सुरुवात पडत नाही; पुढे बोलताना खोलीतल्या मित्राशी बोलावं तसं ‘तू’ आलं तरी खटकत नाही, फक्त मध्येच ‘आपण सर्वांनी’ नको. आई-वडीलही बघतात म्हणून ‘तुम्ही’ ठेवायचं असेल, तर शेवटपर्यंत ठेवा.

ज्यांचे बहुतेक प्रेक्षक कॉलेजच्या आवारातल्या हॉस्टेलात राहतात आणि मेस सातही दिवस चालू असते, त्यांना रविवारचा उपयोग नाही. त्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्रीची दीड वाजताची भूक घ्यावी, किंवा सुट्टीत सगळे घरी गेल्यावर मागे उरलेल्याची. प्रसंग तुमच्या प्रेक्षकांच्या आठवड्यातला असावा एवढंच. सुचत नसेल तर मेसचं वेळापत्रक समोर घेऊन त्यातले रिकामे रकाने बघा.

चित्रणाच्या दोन बाबी. इंडक्शन चालू असताना तिचा पंखा घरघरतो आणि मोबाइलच्या माइकला तो तुमच्या आवाजाइतकाच ऐकू येतो, म्हणून हे बावीस शब्द शेगडी बंद असताना वेगळे रेकॉर्ड करा आणि चित्रावर चढवा. फोडणीचा तडतडाट मात्र खराच ठेवा. शेगडीवरचे आकडे आणि साधी ट्यूबलाइट कॅमेऱ्यात लुकलुकतात किंवा चित्रावर पट्टे येतात; मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की ट्यूबचे पट्टे बहुधा जातात. आकड्यांचं लुकलुकणं नाही गेलं, तर ‘1200’ हा आकडा पडद्यावर वेगळा लिहा. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही मग वॅट कळतात.