हस्तलिखित तक्रारी आणि जबाब शब्दशः टाइप करण्यासाठी लिबरऑफिस रायटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसीलजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. शेतरस्त्याच्या तक्रारी, मोजणीचे अर्ज, वकिलांकडून येणारी जबाबांची हस्तलिखितं असं काम रोज येतं. दिवाळीनंतर मी हे सगळं काम लिबरऑफिस रायटरवर आणलं, कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्ट. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही. माझ्या कामात फक्त एकाच गोष्टीला किंमत आहे: कागदावर जे आहे तेच, तेवढंच आणि तसंच छापून निघतं का? निघतं, पण आधी काही सेटिंग बंद करावी लागतात. तेच सविस्तर सांगतो.

लेखनाचे प्रोग्रॅम पत्रं आणि अहवाल लिहिणाऱ्यांसाठी केलेले असतात. लिहिणाऱ्याची चूक सुधारून देणं ही त्यांची सेवा असते. नक्कल करणाऱ्याला हीच सेवा नडते. शेतकऱ्यानं मुद्द्यांना 1, 2, 4 असे आकडे दिले असतील आणि यादीचं आपोआप क्रमांकन चालू असेल, तर छापून 1, 2, 3 येतं. पुढं अर्जातच 'मुद्दा 4 मध्ये सांगितल्याप्रमाणे' असं वाक्य असतं आणि मुद्दा 4 सापडतच नाही. काही प्रोग्रॅममध्ये 1/2 टाइप करून स्पेस दिली की त्याचं अर्ध्याचं चिन्ह होतं. आपल्याकडं 1/2 हा गट नंबरचा पोटहिस्सा असतो. ते चिन्ह बारीक असतं आणि प्रिंटवर पटकन नजरेत येत नाही.

रायटरमध्ये हे सगळं एका ठिकाणी बंद होतं. `Tools > AutoCorrect Options` उघडायचं. `Options` या टॅबवरच्या दोन्ही रकान्यांतल्या खुणा काढायच्या. मग `Word Completion` वर जाऊन शब्दपूर्तीची खूणही काढायची. ही शब्दपूर्ती चालू असेल तर प्रोग्रॅम त्याच दस्तऐवजातले मोठे शब्द लक्षात ठेवतो, तुम्ही सुरुवातीची अक्षरं टाइप केली की पुढचा शब्द सुचवतो आणि एंटर दाबलं की तो पक्का करतो. ओळीच्या शेवटी अर्धवट शब्द असेल आणि तुम्ही ओळ मोडायला एंटर दाबलं, तर अर्जदारानं न लिहिलेला शब्द कागदावर येतो. शेवटचं काम म्हणजे `Shift+F7` दाबून शुद्धलेखन तपासणी थांबवायची. 'मले', 'तुले', 'आमी', 'जाऊन रायलो' या शब्दांखाली लाल रेघा दिसत राहिल्या की हात नकळत ते 'सुधारायला' जातो.

सुधारणा म्हणजे काय होतं, ते एका जबाबावरून सांगतो. मूळ ओळ अशी होती: 'रात्री त्यानं धुऱ्यावर काटे टाकले म्हणे, सकाळी मी पाह्यलं तं बंडी जात नोती.' ही ओळ नीटनेटकी करणारा 'म्हणे' गाळून टाकतो, कारण त्याला तो बोलण्याच्या ओघातला शब्द वाटतो. पण त्या एका शब्दावरून कळतं की काटे टाकताना साक्षीदारानं स्वतः पाहिलेलं नाही, दुसऱ्याकडून ऐकलं आहे. तो शब्द गेला की हाच माणूस कागदावर प्रत्यक्षदर्शी होतो आणि उलटतपासणीत अडकतो. पोलिसांपुढच्या जबाबात आणि कोर्टातल्या साक्षीत फरक पडला, तर जबाबातला नेमका तेवढा भाग खूण करून साक्षीदाराला दाखवला जातो. त्यामुळे टाइप प्रत मूळ जबाबाशी शब्दाला शब्द जुळली पाहिजे.

जबाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माझ्या इथल्या वकील मॅडमनी समजावली. पोलिसांनी तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 162 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम 181 मध्ये आहे. आपल्या अर्जाच्या साच्यात मात्र तळाला 'अर्जदाराची सही' हा मजकूर तयारच असतो. तोच साचा जबाबासाठी वापरला, तर मूळ कागदावर नसलेली सहीची जागा टाइप प्रतीत येते. म्हणून जबाबासाठी मी साचा वापरतच नाही, कोऱ्या पानावरून सुरुवात करतो.

आता तारखा. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून एक अख्खं प्रकरण सांगतो. एक वयस्कर शेतकरी दोन ताव भरून लिहिलेली तक्रार घेऊन आले. शेजाऱ्यानं वहिवाटीचा रस्ता अडवला होता. कागदाच्या डोक्यावर 12/11/24 अशी तारीख. आत एके ठिकाणी 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्ता बंद केला' आणि दुसऱ्या पानावर तीच घटना 'दि. 3/9/23 रोजी'. 2024 चा पोळा 2 सप्टेंबरला होता, म्हणजे दुसरा दिवस 3 सप्टेंबर 2024. दिवस, महिना बरोबर आणि साल चुकलेलं.

असा अडवलेला रस्ता मोकळा करून घेण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 3 सप्टेंबर 2024 धरलं तर नोव्हेंबरमधली तक्रार मुदतीत बसते. 2023 धरलं तर मुदत कधीच संपलेली. एका आकड्यावर अख्खा अर्ज उभा होता.

ते म्हणाले, "चुकलं काय बाप्पा माह्यं? तू लिवून टाक नं बरोबर."

मी म्हटलं, "काका, मी नाही लिहू शकत. तुमच्याच हातानं ते साल कापा, वर बरोबर साल लिहा अन् बाजूला सही करा. मग मी टाइप करतो."

त्यांनी तसं केलं. टाइप प्रतीत मी जुना आकडा रेघ मारलेलाच ठेवला (`Format > Text > Strikethrough`), त्यापुढं नवा आकडा दिला आणि चौकटी कंसात 'मूळात खाडाखोड, बाजूस सही' असं नोंदवलं. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' ही ओळ तशीच राहिली. तिच्या जागी मी तारीख टाकली नाही, कंसातही नाही. पोळा नेमका कोणत्या तारखेला होता, हे अर्जदारानं किंवा वकिलानं सांगायचं आहे. दोन्ही कागद जवळ असले की वाचणाऱ्याला मेळ दिसतोच.

इथं मूळ कागद अजून त्यांच्याच हातात होता. त्यावर आवक शिक्का पडला असता, तर रस्ता वेगळा होता. मग त्या कागदावर कोणीच काही करायचं नाही. प्रतीत 3/9/23 जसंच्या तसं टाइप करायचं, तळटीप द्यायची 'मूळ अर्जात असेच' (`Insert > Footnote and Endnote`) आणि चूक दाखवणारा पुरवणी अर्ज अर्जदारानं आजच्या तारखेनं स्वतंत्र द्यायचा. गुपचूप दुरुस्त केलेली टाइप प्रत आणि चूक असलेला मूळ अर्ज एकाच फाइलमध्ये लागले की समोरचा पक्ष पहिल्याच सुनावणीत त्यावर बोट ठेवतो, आणि मग खरी तारीखसुद्धा बनावट वाटू लागते.

टाइप केल्याची तारीख हा वेगळा विषय आहे. ती मी फक्त शेवटी, रेघेखाली देतो: 'वरील मजकूर हस्तलिखितावरून शब्दशः टंकलिखित केला, मूळाशी ताडून पाहिला', त्याखाली माझी सही आणि तारीख. ही तारीख हातानं टाइप करतो. आपोआप बदलणारं तारखेचं फील्ड साच्यात राहिलं, तर पुढच्या महिन्यात फाइल उघडून प्रिंट काढल्यावर पुढच्या महिन्याची तारीख छापते. 'सत्यप्रत' हा शिक्का मी मारत नाही, तो अधिकार टायपिंगवाल्याचा नाही. सोबत मूळ कागदाची झेरॉक्स कायम जोडतो.

ताडून पाहणं ही नुसती रीत नाही. पुरावा कायद्यात, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 58 मध्ये, मूळावरून केलेली किंवा मूळाशी ताडलेली प्रत दुय्यम पुराव्यात धरली आहे. या कामात रायटरचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो `Tools > Line Numbering` चा. हस्तलिखिताची ओळ जिथं संपते तिथं मी `Shift+Enter` दाबतो, म्हणजे टाइप प्रतीची ओळही तिथंच तुटते. क्रमांक सुरुवातीला दर पाच ओळींना दिसतात, `Interval` मध्ये 1 टाकलं की प्रत्येक ओळीला येतात. हस्तलिखिताच्या झेरॉक्सवरही पेन्सिलनं तेच क्रमांक घालतो. मग दुकानातला मुलगा मूळ कागद मोठ्यानं वाचतो आणि मी छापलेल्या प्रतीवर बोट फिरवतो. वाचणारा मूळ वाचतो, हा क्रम उलटा करू नये. टाइप प्रत वाचून दाखवली, तर मूळ बघणाऱ्याचा कान ओळखीच्या वाक्याला होकार देत जातो आणि सुटलेला शब्द सुटूनच राहतो. एखादी अख्खी ओळ गळली असेल, तर क्रमांक जुळत नसल्यामुळं ती वाचायच्या आधीच सापडते. माझ्या कामात सर्वांत जास्त होणारी चूक हीच होती: दोन लागोपाठच्या ओळी एकाच शब्दानं संपतात आणि नजर एक ओळ ओलांडून जाते.

त्रासही आहे. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ ठेवला की `Shift+Enter` ने तोडलेल्या ओळीतले शब्द ताणले जातात आणि पान विचित्र दिसतं. त्यामुळं डावीकडेच जुळवून ठेवावं लागतं, आणि काही बाबूंना ते कागद कच्चे वाटतात. बारीक अक्षराच्या लांब ओळी पानावर मावत नाहीत, मोडून खाली येतात आणि क्रमांक एकानं पुढं सरकतो. अशा वेळी मी अक्षर 14 वरून 12 वर आणतो, तेवढ्यानं बहुधा भागतं. अंगठा आणि न लागणारं अक्षर यांना अर्थातच प्रोग्रॅममध्ये काही सोय नाही. तिथं '[डाव्या अंगठ्याचा ठसा]' आणि '[अवाच्य, एक शब्द]' असं हातानं लिहितो. अंदाजानं शब्द भरत नाही, अर्जदार समोर बसलेला असला तरी त्याला विचारून भरत नाही. त्याला सांगायचं असेल, तर त्यानं आपल्या कागदावर लिहावं.

फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर पीडीएफच द्या. लिहिता येणारी फाइल दिली की समोरच्या संगणकावर फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, आणि कोणीतरी चांगल्या मनानं 'मले' चं 'मला' करून ठेवतं. रोज नुसते साच्यातले अर्ज भरायचे असतील, तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही, ज्यावर हात बसला आहे ते चालू द्या. हस्तलिखिताची नक्कल येत असेल, तर त्यासाठी वेगळी, सगळ्या खुणा काढलेली मांडणी संगणकावर ठेवा आणि दुकानातल्या दुसऱ्या कोणाला त्या परत चालू करू देऊ नका.