रिक्रूटर आधी व्हिडिओ मागतोय: रेकॉर्ड करून पाठवायचा की आधी कॉल मागायचा?

गेल्या वर्षी जॉब बदलायच्या खटपटीत होतो तेव्हा मला पाच वेळा हा मेसेज आला. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण मजकूर एकच, की प्रोफाइल आवडलं, पुढे जाण्याआधी 60 ते 90 सेकंदांचा इंट्रो व्हिडिओ पाठवा. फोन नाही, बजेट नाही, कधीकधी तर कंपनीचं नावही नाही. मी पुण्यात बॅकएंडवर काम करतो, सात वर्षांचा अनुभव, नोटीस पिरियड 90 दिवस. पाचपैकी दोघांना सरळ व्हिडिओ पाठवला, तिघांना म्हटलं आधी दहा मिनिटं बोलूया. त्यावरून जे दिसलं ते लिहितोय, तुमच्या फील्डमध्ये वेगळं असू शकतं. (तिसरा पर्याय म्हणजे उत्तरच न देणं, पण रोल बरा वाटत असेल तर तसं करण्यात काही फायदा नाही.)

आधी ते व्हिडिओ का मागतात ते बघू, कारण उत्तर त्यावर ठरतं. एका मित्राची वहिनी स्टाफिंग कन्सल्टन्सीत आहे, तिला मी सरळ विचारलं. ती म्हणाली मोठं कारण प्रॉक्सीचं, म्हणजे इंटरव्ह्यूला एक माणूस बसतो आणि जॉइनिंगला दुसराच येतो, त्यामुळे चेहरा आणि आवाज आधीच फाइलला असला की पुढे ताडून बघता येतं. दुसरं, क्लायंट बाहेरचा असेल तर बोलणं कसं आहे ते त्याला दाखवायचं असतं. आणि तिसरं तिने जरा हळूच सांगितलं, की व्हिडिओ मागितला की बरेच जण तिथेच गळतात आणि तिचे कॉल वाचतात. तिन्ही कारणं खरी आहेत आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, पण तिन्हीमध्ये सोय त्यांची आहे, आपल्याला रोलबद्दल एक अक्षर जास्त कळत नाही, हे लक्षात ठेवायचं.

आता माझा पहिला व्हिडिओ. रविवार दुपार, वाटलं दीड मिनिटाचं काम आहे, वीस मिनिटांत उरकेल. आधी मजकूर लिहून काढला, लॅपटॉपवर उघडा ठेवला आणि त्याच्यावर मोबाइल टेकवून वाचत बोललो. रेकॉर्डिंग बघितलं तर डोळे सारखे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसत होते, कुणालाही कळेल की हा वाचतोय. मग कागद बाजूला ठेवून बोलायला लागलो तर दोन मिनिटं दहा सेकंद झाली. परत कापाकापी. मग कुकरच्या शिट्ट्या, मग खाली भंगारवाला, मग पाठीमागच्या खिडकीमुळे चेहरा काळा आला म्हणून टेबलच फिरवलं. बायको मुलाला घेऊन दोन तास खाली बागेत बसली. चौदाव्या टेकला जरा बरं जमलं. तोवर दिवेलागण झाली होती. मोबाइलवर 1080 पी मध्ये काढलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ सहज शंभर एमबीच्या आसपास जातो आणि जीमेलला अटॅचमेंटची मर्यादा 25 एमबी, त्यामुळे शेवटी यूट्यूबवर अनलिस्टेड करून लिंक पाठवली.

बुधवारी फोन आला. मॅडमचा पहिलाच प्रश्न, नोटीस पिरियड किती? म्हटलं 90 दिवस. त्या म्हणाल्या क्लायंटला 30 दिवसांत माणूस हवाय, बायआउट होणार नाही, सॉरी हां, पुढे काही असलं तर कळवते. एका मिनिटाच्या आत विषय संपला. फोन ठेवल्यावर मी यूट्यूब स्टुडिओत जाऊन बघितलं, व्ह्यूज शून्य.

माझा निर्णय तिथेच झाला. नकार मिळाल्याचं एवढं काही नाही, ते होतंच. पण ज्या गोष्टीवर नकार आला ती त्या व्हिडिओत नव्हतीच आणि असायचं कारणही नव्हतं. आपल्याकडे आयटीत सात-आठ वर्षांच्या माणसाची फाइल पहिल्या टप्प्यात अडकते ती नोटीस पिरियड, बजेट आणि लोकेशन या तीन गोष्टींवर, आणि तिन्ही एका फोनवर कळतात. मग ज्याला चार तास लागतात ते आधी आणि ज्याला चार मिनिटं लागतात ते नंतर, हा क्रमच उलटा आहे. दुसऱ्या व्हिडिओचं तर काय झालं ते आजही माहीत नाही, तीन आठवड्यांनी रोल होल्डवर गेल्याचा एका ओळीचा मेल आला.

म्हणून पुढच्या तिघांना मी उत्तर लिहिलं. पाठवलं इंग्रजीतच, मराठीत सांगायचं तर असं होतं: "नमस्कार मॅडम, रोलमध्ये इंटरेस्ट आहे. अनुभव सात वर्षं, नोटीस पिरियड 90 दिवस, राहायला पुण्यात, हायब्रिड चालेल. व्हिडिओ पाठवायची तयारी आहे. त्याआधी बजेटची रेंज, लोकेशन आणि नोटीस जुळतंय का एवढं दहा मिनिटांच्या कॉलवर बघूया का? आज दुपारी 1 ते 2 किंवा उद्या संध्याकाळी साडेसहानंतर मोकळा आहे. जुळलं तर त्याच रात्री व्हिडिओ पाठवतो."

यात नकार कुठेही नाही हे महत्त्वाचं. नुसतं "मी व्हिडिओ देत नाही" लिहिलं तर समोरचीकडे पुढच्या माणसाकडे जाण्याशिवाय काही उरत नाही. आपण क्रम बदलायला सांगतोय, आणि नोटीस पिरियड स्वतःहून लिहिल्यामुळे तिचाही वेळ वाचतो, जमत नसेल तर ती मेसेजवरच सांगेल. दोन वेळा दिल्या की तिला फक्त एक निवडायची असते. आणि शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळा, रात्री म्हणजे रात्रीच.

तिघांपैकी एकीने त्याच दिवशी फोन केला, चौथ्या मिनिटाला कळलं की रोल हैदराबादचा आहे आणि पाचही दिवस ऑफिसला जायचंय, दोघंही हसून थांबलो. एकाने काहीच उत्तर दिलं नाही, आणि हा या पर्यायाचा खरा तोटा आहे, तो मी लपवणार नाही. तो रोल चांगला असेलही. तिसऱ्याने नीट सांगितलं की त्यांच्या पोर्टलवर व्हिडिओशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही, पण बजेट आणि लोकेशन त्याने मेसेजवरच लिहून दिलं, नोटीस 90 दिवस चालेल म्हणाला. त्याला मी व्हिडिओ पाठवला आणि काही वाटलं नाही, कारण आता माहीत होतं की कशासाठी बसतोय. आजचा जॉब तोच.

व्हिडिओचं पारडं जिथे खरंच जड आहे तेही सांगतो. ज्या कामात बोलणं हेच काम आहे, म्हणजे सेल्स, कस्टमर सपोर्ट, ऑनलाइन शिकवणं, ट्रेनर, तिथे व्हिडिओ हा कामाचा नमुनाच असतो, तिथे अडून बसू नका. फ्रेशर असाल आणि एका जागेला शेकडो अर्ज असतील तर कॉल मागून मिळेलच असं नाही. रिक्रूटर अमेरिकेत बसलेला असेल आणि त्याची सकाळ म्हणजे आपली रात्र, तर व्हिडिओ दोघांना सोपा. आणि काही जणांना अचानक आलेल्या फोनवर इंग्रजी सुचत नाही, बोलताना अडखळायला होतं, त्यांना चार वेळा रेकॉर्ड करायची मुभा ही मोठी सोय आहे, माझ्या एका जुन्या टीममेटला त्याचा फायदा झालेला मी बघितलाय.

पाठवायचाच असेल तर एवढं करा. दीड मिनिटात शांतपणे बोलायचं तर दोनशेच्या आसपास शब्द मावतात, त्यामुळे पूर्ण मजकूर न लिहिता चार मुद्दे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवा. खिडकी समोर, पाठीमागे नको. कंपनीचं नाव बोलू नका, म्हणजे तोच व्हिडिओ दुसरीकडेही चालतो. पगार, जन्मतारीख, घरचा पत्ता काहीही बोलू नका, ही माहिती व्हिडिओत असायची गरज नसते. फाइल न देता अनलिस्टेड लिंक द्या, म्हणजे बघितलं की नाही तेही साधारण कळतं आणि काम झालं की काढून टाकता येते. अनलिस्टेड म्हणजे प्रायव्हेट नव्हे, लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघू शकतो, हे गृहीत धरून बोला. ड्राइव्हवर ठेवलात तर शेअरिंग नीट तपासा, नाहीतर समोर परवानगी मागा असा मेसेज येतो आणि घाईतला रिक्रूटर तिथेच सोडून देतो.

एका ठिकाणी मात्र मी तडजोड करणार नाही. व्हिडिओत आधार किंवा पॅन कार्ड हातात धरायला सांगितलं, मान डावी-उजवीकडे वळवून आकडे वाचायला सांगितलं, तर थांबा. बँकेचं खातं उघडताना व्हिडिओ केवायसीत साधारण असंच करायला लावतात, रिझर्व्ह बँकेने 2020 साली ती सोय सुरू केली, पण तिथे समोर बँकेचा माणूस लाइव्ह असतो. नोकरीच्या इंट्रोला कार्डाचा संबंध काय? असं रेकॉर्डिंग अनोळखी माणसाच्या हाती गेलं तर आपल्या नावावर काहीही करायचा प्रयत्न होऊ शकतो. मेल कंपनीच्या डोमेनवरून यायला सांगा, जॉब डिस्क्रिप्शन मागा, कंपनीच्या करिअर पेजवर तो रोल आहे का बघा. कन्सल्टन्सीचा माणूस असेल तर क्लायंटचं नाव कधीकधी खरंच सांगता येत नाही, पण मग निदान कन्सल्टन्सीचा लँडलाइन आणि ऑफिस तरी खरं असावं. आणि कॉल मागितल्यावर जो फोनवर यायचंच टाळतो, दोनदा-तीनदा फक्त "व्हिडिओ पाठवा सर" एवढंच लिहितो, त्याच्याबद्दल मला शंका येते, आणि ही शंका कॉल मागितल्याशिवाय आलीच नसती.

आता माझ्या मोबाइलच्या नोट्समध्ये ते उत्तर तयार आहे, फक्त वेळा बदलायच्या. सत्तर सेकंदांचा एक व्हिडिओही करून ठेवलाय, कंपनीचं नाव नसलेला, सध्या प्रायव्हेट करून ठेवलाय. मागच्या महिन्यात मेव्हण्याला असाच मेसेज आला तेव्हा त्याला मी उत्तर पाठवलं, त्याने त्याचे 60 दिवस आणि नाशिक एवढं बदललं, आणि तासाभरात त्याला फोन आला.