बावन्न पानं की छत्तीस: फ्लश मोठा कुठे?

इंदूरला आमच्या वाड्यात दिवाळीला पोकर बसतो. यंदा दुरी ते पंजी काढून छत्तीस पानांनी खेळलो. मामेभावाकडे चार बदाम जमले होते; पाचवा आला की फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच चिन्हाची. बावन्न पानांत त्याला आणखी 9 बदाम उरले असते; इथे उरले फक्त 5. सत्त्या मात्र दोन्हीकडे चारच, म्हणून तीन सारखी आणि एक जोडी, म्हणजे फुल हाउस, तुलनेने सोपं होतं.

पाच पानांचे हात मोजले तर बावन्नमध्ये फ्लश 5108, फुल हाउस 3744. छत्तीसमध्ये फ्लश 480, फुल हाउस 1728. दुर्मीळ तो मोठा, म्हणून क्रम उलटतो. मला छत्तीसच आवडतो. सिक्वेन्स मोठी की नुसती तीन सारखी पानं, हे मात्र घरोघरी वेगळं. पानं वाटण्याआधीच ठरवा.