पंचायत राजच्या नोट्स मागायच्या आहेत? एकाच विनंतीचे तीन मसुदे

एमपीएससीच्या अभ्यास ग्रुपवर रोज दिसणारा मेसेज असा असतो:

> नमस्कार मित्रांनो, कोणाकडे पंचायत राजच्या नोट्स असतील तर प्लीज पाठवा 🙏 खूप गरज आहे

याला उत्तरं येतात, पण ती बहुतेक ‘मला पण’, ‘मलाही हव्यात’ अशीच. कुणी दयाळू असेल तर संपूर्ण राज्यघटनेची तीनशे पानांची पीडीएफ टाकून मोकळा होतो. चूक सौजन्यात नाही. ज्याच्याकडे नोट्स आहेत त्याने नक्की कोणती फाईल काढायची, हे मेसेज वाचून ठरत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षेची की संयुक्त पूर्वची? मराठी माध्यमाची की इंग्रजी? पहिल्यापासून की फक्त रिव्हिजनसाठी? हे विचारून घेण्याइतका वेळ कुणाकडे नसतो, म्हणून माणूस मेसेज वाचतो आणि पुढे जातो.

इथे उदाहरणादाखल गट-ब किंवा गट-क संयुक्त पूर्व परीक्षेचा विद्यार्थी घेऊ. शंभर प्रश्न, एक तास आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पंचायत राज या परीक्षेच्या अभ्यासक्रमात ‘ग्राम व्यवस्थापन’ म्हणून येतं. त्याने एक पुस्तक वाचलंय, पण समित्यांची नावं एकमेकांत मिसळतात. त्याच्यापुढे तीन मसुदे आहेत.

पहिला मसुदा: मोजकी दुरुस्ती

> संयुक्त पूर्वसाठी पंचायत राजच्या मराठी नोट्स हव्यात. रिव्हिजनसाठी छोट्या, हस्तलिखित असल्या तरी चालतील. फोटो काढून पाठवलेत तरी चालेल.

लिहायला अर्धा मिनिट लागतं. परीक्षा, माध्यम आणि हेतू आल्यामुळे समोरच्याला फाईल निवडता येते. ‘हस्तलिखित चालतील’ हे वाक्य फार कामाचं आहे, कारण आपल्या नोट्स टाईप केलेल्या नाहीत म्हणून पाठवायला लाजणारे बरेच असतात. मर्यादा एवढीच की कुठे अडलंय हे कुणाला कळत नाही, त्यामुळे आलेल्या नोट्सही सरसकट असतात. ग्रुप लहान असेल आणि लोक ओळखीचे असतील, तर एवढ्यावर काम होतं.

दुसरा मसुदा: सगळं सांगणारा

> मी संयुक्त पूर्व पहिल्यांदा देतोय. अकरावी, बारावीची पुस्तकं झाली, नंतर एक संदर्भग्रंथ वाचला, पण लक्षात राहत नाही. क्लास लावलेला नाही, नोकरी करून अभ्यास करतोय. पंचायत राज, घटना आणि राज्य प्रशासन तिन्हींच्या नोट्स कोणी दिल्या तर फार उपकार होतील…

हा प्रामाणिक असला तरी माझ्या मते तिघांत सर्वात कमी उपयोगी. मोबाईलवर लांब मेसेज अर्ध्यातच कापलेला दिसतो, पुढचं वाचायला ‘अधिक वाचा’वर बोट ठेवावं लागतं. मागणी शेवटी असल्याने ती कापलेल्या भागात जाते. शिवाय तीन विषय एकत्र मागितले की एकातच पारंगत असलेला माणूस गप्प बसतो. आलेली उत्तरं सल्ल्याची असतात: ‘रोज चार तास काढ’, ‘टेस्ट सिरीज लाव’. अभ्यासाचं नियोजनच विचारायचं असेल तर हा मसुदा ठीक, नोट्स मागायला नाही.

तिसरा मसुदा: नेमकी अडचण

> पंचायत राज समित्या (संयुक्त पूर्व, मराठी): बलवंतराय मेहता, वसंतराव नाईक, बोंगिरवार, बाबूराव काळे, पी. बी. पाटील यांचा वर्ष आणि मुख्य शिफारस असा तक्ता कुणी केला आहे का? मेहता व नाईक यांच्यातला फरक नेहमी चुकतो. एक पान पुरेल. सरपंच निवडीचा भाग २०२२ नंतरचा असावा. रविवारपर्यंत मिळालं तर बरं. इतिहासातल्या समाजसुधारकांचा तक्ता माझ्याकडे आहे, हवा असेल तर देतो.

यातलं प्रत्येक वाक्य काहीतरी काम करतं. विषय अगदी पहिल्या शब्दांत आहे, त्यामुळे नोटिफिकेशनमध्येही तो दिसतो, तिथे ‘नमस्कार मित्रांनो’ दिसत नाही. ‘एक पान पुरेल’ म्हटल्यावर उत्तर देणाऱ्याचं ओझं कमी होतं. आणि ‘मेहता व नाईक यांच्यातला फरक’ असं लिहिलं की ज्याच्याकडे नोट्सच नाहीत तोही उत्तर देऊ शकतो. मेहता समितीने (१९५७) पंचायत समितीला कार्यकारी महत्त्व दिलं आणि जिल्हा परिषद सल्लागार ठेवली. महाराष्ट्रात १९६० च्या नाईक समितीने जिल्हा परिषदेला बळकट केलं आणि त्यावर १९६१ चा कायदा आला, जो १ मे १९६२ पासून लागू झाला. ही तीन ओळींची माहिती कुणीही टंकून देईल. बहुतेक वेळा तेच हवं असतं.

२०२२ची अट चोखंदळपणा म्हणून घातलेली नाही. महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. मधल्या काळात बनलेल्या नोट्समध्ये ‘सरपंच सदस्यांमधून निवडला जातो’ असं असतं. ते त्या वेळी बरोबर होतं, आता चूक आहे. आलेली फाईल उघडल्यावर आधी हेच पान पाहावं. महिला आरक्षण फक्त एक तृतीयांश दिलं असेल, महाराष्ट्रातल्या पन्नास टक्क्यांचा उल्लेख नसेल, तर फाईल राज्यासाठी अद्ययावत केलेली नाही असं समजावं.

मग कोणता निवडायचा?

हजारो सदस्यांचा टेलिग्राम ग्रुप असेल तर तिसरा. तिथे मेसेज काही मिनिटांत वर सरकतो, म्हणून पहिल्याच नजरेत अर्थ लागायला हवा. पन्नासेक जणांच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर पहिलाही चालतो, मात्र विषयाचं नाव सुरुवातीला आणा. अद्याप एकही पुस्तक वाचलं नसेल तर तिसरा लिहिणं शक्यच नाही, कारण अडचण कुठे आहे हेच माहीत नसतं. अशा वेळी नोट्स मागू नयेत. बालभारतीच्या संकेतस्थळावरून शालेय पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ती आधी वाचून मग विचारावं.

देवाणघेवाणीची ओळ ऐच्छिक आहे, पण खरोखर देण्यासारखं असेल तरच लिहावी. आणि एखाद्या क्लासच्या किंवा प्रकाशकाच्या विकत मिळणाऱ्या पुस्तकाची पीडीएफ मागू नये. बरेच ॲडमिन असा मेसेज काढून टाकतात, आणि ज्यांच्याकडे स्वतःच्या नोट्स आहेत ते लोकही अशा मागणीपासून दूर राहतात. स्वतःचा मोबाईल नंबर मेसेजमध्ये टाकणं तर टाळाच. नोट्सपेक्षा जाहिरातींचे फोन आधी येतात.

दोन दिवसांत पूर्ण उत्तर नाही आलं तर तोच मेसेज पुन्हा चिकटवू नका. आपल्याच जुन्या मेसेजला रिप्लाय देऊन लिहा: ‘मेहता–नाईक फरक मिळाला, बोंगिरवार आणि काळे अजून राहिलेत.’ त्यामुळे मागणी अर्धी झालेली दिसते आणि उरलेल्या दोन ओळी कुणीतरी देऊन टाकतं. सगळं जमलं की पूर्ण तक्ता त्याच मेसेजखाली टाका, म्हणजे ‘मला पण’ म्हणणाऱ्यांना वेगळं विचारावं लागत नाही.